एफिशियंट फ्रंटियर: इतक्या जोखमीला जास्तीत जास्त किती परतावा?

एफिशियंट फ्रंटियर, म्हणजे कार्यक्षम सीमारेषा, ही गुंतवणुकीच्या आलेखावरची एक वक्ररेषा आहे. आलेखाच्या आडव्या अक्षावर जोखीम मांडतात आणि उभ्या अक्षावर अपेक्षित परतावा. शेअर, सोने, रोखे अशा उपलब्ध मालमत्ता वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र केल्या की प्रत्येक मिश्रणाचा या आलेखावर एक बिंदू मिळतो. अशा असंख्य बिंदूंनी एक प्रदेश भरून जातो. त्या प्रदेशाची वरची डावी कड म्हणजे एफिशियंट फ्रंटियर.

या कडेवरच्या मिश्रणांचे वैशिष्ट्य असे, की तेवढीच जोखीम घेऊन त्याहून जास्त अपेक्षित परतावा देणारे दुसरे कोणतेही मिश्रण हाताशी असलेल्या मालमत्तांमधून तयार होत नाही. कडेच्या आत पडणाऱ्या बिंदूंचे तसे नसते. तिथे थांबलेल्या गुंतवणूकदाराला जोखीम न वाढवता परतावा वाढवता येतो, किंवा परतावा न घटवता जोखीम कमी करता येते. कडेवर पोचल्यावर मात्र फुकटात काही मिळत नाही. आणखी परतावा हवा असेल तर आणखी जोखीम पत्करावी लागते. कडेवरच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर उभे राहायचे, हे ही रेषा सांगत नाही. तो निर्णय ज्याच्या त्याच्या वयावर, गरजांवर आणि तोटा सोसण्याच्या ताकदीवर अवलंबून राहतो.

ही कल्पना हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने मांडली. शिकागो विद्यापीठात पीएच.डी.साठी विषय शोधत असताना ग्रंथालयात जॉन बर विल्यम्स यांचे १९३८ सालचे गुंतवणूक-मूल्यावरचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. शेअरचे मूल्य म्हणजे भविष्यात मिळणाऱ्या लाभांशांचे आजचे मोल, असे विल्यम्स यांचे प्रतिपादन होते. लाभांश किती मिळेल हे अनिश्चित असल्यामुळे हिशेबात अपेक्षित लाभांश धरावा लागतो, हे उघड होते. मार्कोविट्झ यांना इथे एक अडचण दिसली. गुंतवणूकदाराला केवळ अपेक्षित परताव्याशीच कर्तव्य असेल, तर त्याने सर्वांत जास्त अपेक्षित परतावा असलेला एकच शेअर घ्यावा आणि सगळे पैसे त्यातच घालावेत. प्रत्यक्षात शहाणी माणसे तसे करत नाहीत. ती पैसे वाटून ठेवतात. म्हणजे परताव्याबरोबर अनिश्चितताही त्यांच्या हिशेबात असते, आणि सिद्धांतात तिला जागाच नव्हती.

ती जागा त्यांनी ‘जर्नल ऑफ फायनान्स’च्या मार्च १९५२च्या अंकातल्या पंधरा पानांच्या लेखात करून दिली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ए. डी. रॉय यांनीही जवळपास तोच विचार स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. पुढे मार्कोविट्झ यांनी या शास्त्राच्या जनकत्वात रॉय यांचा वाटा आपल्याइतकाच असल्याचे मोकळेपणाने लिहिले. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी या प्रबंधाला अर्थशास्त्र म्हणता येणार नाही, अशी हरकत घेतली होती. पदवी मात्र मिळाली, आणि १९९० साली याच कामासाठी मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्यासह मार्कोविट्झ यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कारही मिळाला.

वाटून ठेवावे हे लोकांना आधीपासून माहीत होते. मार्कोविट्झ यांच्या लेखात नवे होते ते असे, की वाटून ठेवल्याने जोखीम किती कमी होते, ती कशामुळे कमी होते आणि कोणत्या वेळी मुळीच कमी होत नाही, याचे गणित त्यात होते. त्या गणिताला तीन प्रकारचे आकडे लागतात. पहिला आकडा प्रत्येक मालमत्तेच्या अपेक्षित परताव्याचा, म्हणजे चांगली-वाईट वर्षे मिळून सरासरीने जितका परतावा मिळावा असे वाटते त्याचा. दुसरा आकडा प्रमाण विचलनाचा. परतावा त्या सरासरीपासून साधारणपणे किती दूर भटकतो, हे प्रमाण विचलन सांगते आणि या सिद्धांतात तेच जोखमीचे माप आहे. अपेक्षित परतावा १२ टक्के आणि प्रमाण विचलन २० टक्के असेल, तर ढोबळमानाने तीनपैकी दोन वर्षी परतावा उणे ८ ते अधिक ३२ टक्क्यांच्या दरम्यान राहतो आणि उरलेल्या वर्षी त्याच्याही बाहेर जातो. तिसरा आकडा सहसंबंधाचा. दोन मालमत्ता बरोबरीने वरखाली होतात की आपापल्या वाटेने जातात, हे त्यातून कळते. तो उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतो. अधिक १ म्हणजे दोन्ही तंतोतंत एका दिशेला, उणे १ म्हणजे तंतोतंत विरुद्ध दिशांना, आणि शून्य म्हणजे एकीवरून दुसरीचा काहीच अंदाज बांधता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवले की वक्ररेषा कुठून येते ते दिसते. शेअर आणि सोने अशा दोनच मालमत्ता आहेत असे समजू. शेअरचा अपेक्षित परतावा १२ टक्के आणि प्रमाण विचलन २० टक्के, सोन्याचा अपेक्षित परतावा ८ टक्के आणि प्रमाण विचलन १५ टक्के, आणि दोहोंमधला सहसंबंध शून्य धरू. हे आकडे गणिताच्या सोयीसाठी घेतलेले आहेत. उद्याच्या बाजाराचे भाकीत म्हणून ते वाचू नयेत.

पैसे निम्मे-निम्मे वाटले तर अपेक्षित परतावा सरळ सरासरीने निघतो: १२ आणि ८ यांच्या मधोमध, १० टक्के. जोखीम मात्र अशी सरासरीने निघत नाही. निम्मे पैसे शेअरमध्ये असल्यामुळे शेअरकडून येणारी जोखीम १० टक्के, आणि निम्मे सोन्यात असल्यामुळे सोन्याकडून येणारी ७.५ टक्के. सहसंबंध शून्य असतो तेव्हा या दोन जोखमी काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारख्या एकत्र येतात, आणि एकूण जोखीम म्हणजे त्या त्रिकोणाचा कर्ण. शाळेतला पायथागोरसचा नियम वापरला की १० चा वर्ग १००, ७.५ चा वर्ग ५६.२५, बेरीज १५६.२५ आणि तिचे वर्गमूळ १२.५. म्हणजे या मिश्रणाची जोखीम १२.५ टक्के आहे. ती शेअरच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असावी यात नवल नाही. पण ती सोन्याच्या १५ टक्क्यांपेक्षाही कमी आहे. जास्त जोखमीची वस्तू मिसळल्याने कमी जोखमीच्या वस्तूची जोखीम आणखी उतरली, आणि त्यात परतावाही वाढला. संपूर्ण सिद्धांताचा गाभा या एका निष्कर्षात आहे.

हेच गणित सगळ्या प्रमाणांसाठी करून बिंदू जोडत गेले की आलेखावर डावीकडे फुगलेली कमान तयार होते. तिचे एक टोक निव्वळ सोन्यावर आणि दुसरे निव्वळ शेअरवर असते. सोन्यापासून निघून शेअरचा वाटा थोडाथोडा वाढवत नेला, की सुरुवातीला जोखीम घटत जाते. शेअर ३६ टक्के आणि सोने ६४ टक्के या प्रमाणाला ती सर्वांत कमी, म्हणजे १२ टक्के होते, आणि तिथे अपेक्षित परतावा ९.४४ टक्के असतो. कमानीचे हे सर्वांत डावीकडचे टोक म्हणजे न्यूनतम जोखमीचा बिंदू. त्यापुढे शेअर वाढवत गेले की परताव्याबरोबर जोखीमही वाढू लागते.

कमानीचे दोन भाग इथे वेगळे होतात. सोन्यापासून न्यूनतम बिंदूपर्यंतचा खालचा भाग एफिशियंट फ्रंटियरमध्ये येत नाही. तिथल्या प्रत्येक मिश्रणाच्या बरोबर वर, तितक्याच जोखमीचे पण जास्त परताव्याचे दुसरे मिश्रण असते. निव्वळ सोन्याचेच पाहा: जोखीम १५ टक्के, परतावा ८ टक्के. शेअर ७२ टक्के आणि सोने २८ टक्के घेतले तर जोखीम नेमकी तितकीच, १५ टक्के राहते, पण अपेक्षित परतावा १०.८८ टक्के होतो. या उदाहरणातला जो गुंतवणूकदार सुरक्षिततेच्या विचाराने सगळे पैसे सोन्यात ठेवतो, तो जोखीम पूर्ण घेतो आणि तिच्यासाठी मिळू शकणारे जवळपास तीन टक्के दरवर्षी सोडून देतो. एफिशियंट फ्रंटियर म्हणजे कमानीचा फक्त वरचा भाग, ३६ टक्के शेअरपासून १०० टक्के शेअरपर्यंतचा.

कमान किती फुगेल हे सहसंबंध ठरवतो. वरच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात सहसंबंध अधिक १ असता तर १० आणि ७.५ यांची सरळ बेरीज होऊन जोखीम १७.५ टक्के झाली असती. ती दोन्ही जोखमींची निव्वळ सरासरीच. कमानीऐवजी सरळ रेषा मिळाली असती आणि वाटून ठेवण्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. सहसंबंध ०.३ असता तर जोखीम सुमारे १४.२ टक्के. उणे १ असता तर वजाबाकी होऊन अवघी २.५ टक्के. म्हणून पोर्टफोलिओत किती नावे आहेत, ही मोजदाद फसवी असते. एकाच क्षेत्रातल्या दहा कंपन्यांचे शेअर किंवा एकाच धाटणीचे पाच म्युच्युअल फंड घेतले, तर नावे वाढतात पण सहसंबंध बराच जास्त राहतो, आणि जोखीम नावांच्या प्रमाणात उतरत नाही.

मालमत्ता दोनाहून जास्त झाल्या की कमानीची जागा प्रदेश घेतो आणि हाताने गणित करणे अवघड होते. पद्धत मात्र तीच. आधी एक परतावा ठरवायचा, समजा १० टक्के. मग सर्व वाट्यांची बेरीज १०० टक्के राहील आणि परतावा १० टक्के येईल अशा असंख्य मिश्रणांतून सर्वांत कमी जोखमीचे मिश्रण संगणकाकडून शोधायचे. मग १०.५ टक्क्यांसाठी तेच, ११ टक्क्यांसाठी तेच, असे करत कड उभी राहते. मार्कोविट्झ यांनी यासाठीची गणनपद्धती १९५६ साली प्रसिद्ध केली. यात मेहनत शोधण्यापेक्षा आकडे पुरवण्यात जास्त जाते. पन्नास शेअर असतील तर पन्नास अपेक्षित परतावे, पन्नास प्रमाण विचलने आणि प्रत्येक जोडीचा एक याप्रमाणे १,२२५ सहसंबंध लागतात.

पुढची मोठी भर जेम्स टोबिन यांनी १९५८ साली घातली. वरच्या उदाहरणात आता ट्रेझरी बिल आणू. परतावा ६ टक्के, आणि वर्षभरापुरती जोखीम शून्य धरू. आलेखावर ट्रेझरी बिलाचा बिंदू उभ्या अक्षावरच पडतो. त्या बिंदूपासून कमानीला टेकणारी स्पर्शिका काढली तर ती एका बिंदूवर टेकते. आपल्या आकड्यांत तो बिंदू शेअर सुमारे ६३ टक्के आणि सोने ३७ टक्के इथे येतो. तिथे अपेक्षित परतावा १०.५ टक्के आणि जोखीम १३.७ टक्के. आता ही स्पर्शिकाच नवी सीमारेषा होते, कारण स्पर्शबिंदू सोडला तर ती कमानीच्या सगळीकडे वरूनच जाते. ज्याला कमी जोखीम हवी त्याने शेअर आणि सोने यांचे आपापसातले प्रमाण बदलायचे नाही. त्याने फक्त काही पैसे ट्रेझरी बिलात ठेवायचे. निम्मे पैसे ट्रेझरी बिलात आणि निम्मे त्या ६३–३७ मिश्रणात ठेवले तर जोखीम ६.९ टक्क्यांवर येते आणि परतावा सुमारे ८.२६ टक्के राहतो. निव्वळ सोन्याशी याची तुलना करावी: निम्म्याहून कमी जोखीम, आणि परतावा थोडा जास्तच.

टोबिन यांच्या या विचाराने निर्णयाचे दोन तुकडे झाले. जोखमीच्या मालमत्तांचे आपापसात प्रमाण काय, हा पहिला तुकडा, आणि त्याचे उत्तर सर्वांसाठी एकच. त्यात किती आणि सुरक्षित ठेवीत किती, हा दुसरा, आणि तो ज्याचा त्याचा. त्या स्पर्शिकेचा चढ म्हणजे एक टक्का जोखमीमागे ट्रेझरी बिलापेक्षा किती जास्त परतावा मिळतो याचे माप. विल्यम शार्प यांच्यावरून त्याला शार्प रेशो म्हणतात. आपल्या स्पर्शबिंदूवर तो ०.३२८ आहे, निव्वळ शेअरसाठी ०.३० आणि निव्वळ सोन्यासाठी ०.१३. म्युच्युअल फंडांच्या मासिक माहितीपत्रकात हा आकडा छापलेला असतो.

इथपर्यंतचे सगळे निष्कर्ष एका गृहीतावर उभे आहेत: अपेक्षित परतावा, प्रमाण विचलन आणि सहसंबंध हे तिन्ही आकडे बरोबर माहीत आहेत. व्यवहारात ते कुणालाच माहीत नसतात. ते मागच्या काही वर्षांच्या नोंदींवरून काढावे लागतात, आणि त्यातला सर्वांत नाजूक आकडा अपेक्षित परताव्याचा. तो किती नाजूक आहे हे संख्याशास्त्राच्या एका साध्या नियमावरून कळते. सरासरीतली संभाव्य चूक म्हणजे प्रमाण विचलन भागिले वर्षांच्या संख्येचे वर्गमूळ. शेअरचे प्रमाण विचलन २० टक्के आणि हाताशी २५ वर्षांच्या नोंदी असतील तर ही चूक २० भागिले ५, म्हणजे ४ टक्के येते. पंचवीस वर्षांची सरासरी १२ टक्के दिसली, तरी खरा अपेक्षित परतावा ४ ते २० टक्क्यांच्या दरम्यान आहे, इतकेच काय ते पुरेशा भरवशाने म्हणता येते. शंभर वर्षांच्या नोंदी असल्या तरी चूक २ टक्के उरतेच, आणि शंभर वर्षांपूर्वीचा बाजार आजच्यासारखा होता हे कोण मानेल? वार्षिकऐवजी रोजचे भाव घेऊनही सुटका होत नाही. रोजच्या भावांनी प्रमाण विचलन आणि सहसंबंध अधिक नेमके कळतात. सरासरी परताव्याच्या बाबतीत मात्र एकूण किती वर्षे पाहिली एवढ्यालाच महत्त्व असते.

असा कच्चा आकडा संगणकाला दिला की तो त्याला पक्का समजून चालतो. समजा, दोन शेअर फंड आहेत, दोघांचे प्रमाण विचलन २० टक्के आणि आपसातला सहसंबंध ०.९५. ट्रेझरी बिल ६ टक्क्यांचेच. दोघांचा अपेक्षित परतावा १२ टक्के धरला तर उत्तर येते निम्मे-निम्मे. आता दुसऱ्या फंडाचा परतावा १२ऐवजी ११ टक्के धरला, तर स्पर्शबिंदूचे उत्तर असे येते: पहिल्या फंडात भांडवलाच्या २२७ टक्के घाला आणि त्यासाठी दुसरा फंड १२७ टक्के उसना घेऊन विका. असे उसने विकण्यास मनाई केली तर संगणक दुसरा फंड पूर्ण काढून टाकतो. एका टक्क्याचा फरक, जो चार टक्क्यांच्या संभाव्य चुकीत सहज हरवून जावा, सगळ्या पोर्टफोलिओची उलथापालथ करतो. रिचर्ड मिशो यांनी १९८९ साली या दोषावर बोट ठेवले. ज्या मालमत्तेच्या परताव्याचा अंदाज चुकून जास्त धरला गेला आहे, नेमक्या तिलाच ही पद्धत जास्त वाटा देते. म्हणून चुका कमी होण्याऐवजी त्या वेचून मोठ्या केल्या जातात, असा त्यांचा आक्षेप होता.

अशी लक्षणे ओळखता येतात. एखाद्या आकड्यात अर्धा-एक टक्का बदल करून गणित पुन्हा करावे. वाटे थोडेफार सरकले तर उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण एखादी मालमत्ता शून्यावरून साठ टक्क्यांवर उडी मारत असेल तर ते उत्तर बाजाराबद्दल काहीच सांगत नाही. मागच्या दहा वर्षांत ज्याने सर्वाधिक परतावा दिला त्यालाच सर्वांत मोठा वाटा मिळालेला दिसला, तर तीही शंकेचीच जागा. तिथे सीमारेषेच्या नावाखाली गेल्या दशकाचा निकाल पुन्हा छापलेला असतो. तेव्हाची सीमारेषा आज काढणे सोपे आहे. पुढच्या दहा वर्षांची कशी असेल, हा खरा प्रश्न आहे.

या अनिश्चिततेला एक दिलासा देणारी बाजूही आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. आपल्या शेअर-सोने उदाहरणात सोन्याचा अपेक्षित परतावा ८ऐवजी ७ टक्के धरला तर स्पर्शबिंदूवर शेअरचा वाटा ६३वरून ७७ टक्क्यांवर जातो. ९ टक्के धरला तर तो ५३ टक्क्यांवर येतो. वाट्यांमधला हा फरक मोठा आहे. पण त्या चुकीची किंमत किती? खरा आकडा ८ टक्के असताना कुणी चुकून ७७ टक्के शेअर घेतले, तर त्याचा शार्प रेशो ०.३२८ऐवजी ०.३२२ होतो. निम्मे-निम्मे घेणाऱ्याचा ०.३२. सर्वोत्तम बिंदूच्या आसपास कमान सपाट असते, त्यामुळे थोडे इकडेतिकडे झाल्याने विशेष बिघडत नाही. बिघडते ते फार दूर गेल्यावर, सगळे पैसे सोन्यात ठेवणाऱ्यासारखे. मात्र हा दिलासा वेगळ्या स्वभावाच्या मालमत्तांना आणि समजूतदार वाट्यांना लागू आहे. २२७ टक्क्यांसारख्या उत्तरांना तो लागू नाही.

सहसंबंधाचाही कायमचा भरवसा धरता येत नाही. अमेरिकेत अनेक वर्षे शेअर पडले की सरकारी रोखे सावरून धरत, आणि ६० टक्के शेअर व ४० टक्के रोखे हा तिथल्या निवृत्ती-बचतीचा रुळलेला साचा त्यावर उभा होता. २०२२ साली महागाई भडकली, फेडरल रिझर्व्हने व्याजदर झपाट्याने वाढवले आणि त्या एकाच कारणाने दोन्ही एकदम घसरले. एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे १८ टक्के खाली आला आणि अमेरिकी रोख्यांचा व्यापक निर्देशांक सुमारे १३ टक्के. भारतात २००८ साली वेगळे चित्र होते. त्या वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून जास्त कोसळला, पण रुपयातले सोने वाढले. त्याला रुपयाच्या घसरणीचा हातभार होता: सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो, आणि परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून बाहेर पडतात तेव्हा डॉलर महागतो. अशी यंत्रणा दाखवता येत असेल तर सहसंबंधाच्या आकड्याला वजन येते. नुसत्या जुन्या नोंदींवरून काढलेला आकडा परिस्थिती बदलली की निरुपयोगी ठरतो.

जोखमीच्या मापालाही मर्यादा आहे. प्रमाण विचलन वरच्या आणि खालच्या भटकंतीला सारखेच मोजते, आणि अतिशय वाईट दिवसांचा त्यातून नीट अंदाज येत नाही. १९ ऑक्टोबर १९८७ या एका दिवसात अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्के पडला. नेहमीच्या घंटाकृती वितरणावर विसंबले तर असा दिवस यायलाच नको होता. मार्कोविट्झ यांना हे ठाऊक होते. १९५९च्या पुस्तकात त्यांनी फक्त खालच्या बाजूचे विचलन मोजण्याचा पर्यायही तपासला होता.

या दोषांवर व्यवसायातल्या लोकांनी काढलेले उपाय साधे आहेत. उसने विकण्यास मनाई करायची आणि कोणत्याही एका मालमत्तेचा वाटा एका मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचा नाही, हा सर्वांत जुना. फिशर ब्लॅक आणि रॉबर्ट लिटरमन यांनी गोल्डमन सॅक्समध्ये १९९०च्या सुमारास उलटी वाट धरली. जुन्या सरासऱ्यांपासून सुरुवात न करता त्यांनी बाजारात प्रत्यक्ष असलेली प्रमाणे घेतली, ती योग्य ठरायला अपेक्षित परतावे किती असावे लागतील हे काढले, आणि त्यात स्वतःचे मत ज्या त्या खात्रीच्या प्रमाणात मिसळले. काही जण अपेक्षित परतावा बाजूलाच ठेवतात आणि फक्त न्यूनतम जोखमीचा बिंदू शोधतात. त्या बिंदूला प्रमाण विचलन आणि सहसंबंध एवढेच लागतात, त्यामुळे संपूर्ण सीमारेषेवर तोच सर्वांत भरवशाचा. सगळ्यांत साधा उपाय म्हणजे समान वाटे. डिमिगेल, गार्लापी आणि उप्पल या संशोधकांनी २००९ साली चौदा पद्धतींची तुलना केली, तेव्हा त्यांतली एकही पद्धत समान वाट्यांना सातत्याने हरवू शकली नाही. त्यांच्या हिशेबाने पंचवीस मालमत्तांच्या बाबतीत गणिती पद्धत सरस ठरायला सुमारे तीन हजार महिन्यांच्या, म्हणजे अडीचशे वर्षांच्या नोंदी लागल्या असत्या.

१९५०च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये नोकरी करताना मार्कोविट्झ यांनाही निवृत्तिनिधीची विभागणी करायची होती. त्यांनी सीमारेषा काढली नाही. शेअर वर गेले आणि आपण त्यात नसलो, किंवा ते कोसळले आणि आपण पूर्ण त्यातच असलो, तर किती हळहळ वाटेल याचा विचार करून त्यांनी शेअर आणि रोखे निम्मे-निम्मे घेतले. वरच्या सपाट कमानीचे गणित पाहिले तर हा निर्णय त्यांच्या सिद्धांताच्या विरुद्ध जात नाही.

आज गुंतवणूक सल्लागारांच्या सादरीकरणांत ही वक्ररेषा नेहमी दिसते, आणि तिच्यावर ‘तुम्ही इथे आहात’ आणि ‘तुम्ही इथे असायला हवे’ असे दोन ठिपके असतात. अशा वेळी वाचकाने दोन गोष्टी विचाराव्यात: अपेक्षित परताव्याचे आकडे कुठून आणि किती वर्षांच्या नोंदींवरून आले, आणि ते एका टक्क्याने बदलले तर दुसरा ठिपका किती सरकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सल्लागाराकडे तयार नसेल, तर तो समोर करून दाखवेपर्यंत पैसे हलवू नयेत.